पंखाची पाठ गोल का? विंड टनेलच्या प्रकल्प नोंदी

१० नोव्हेंबर २०२४

भाचीचा अकरावीचा विज्ञान प्रकल्प आहे: विमानाचा पंख लिफ्ट कशी देतो. कामाची जागा म्हणजे धायरीतलं माझं वर्कशॉप. तिने वहीत लिहून आणलेलं उत्तर बहुतेकांच्या परिचयाचं आहे. पंखाची वरची बाजू फुगीर, म्हणून वरून जाणाऱ्या हवेला लांबचा रस्ता. खालच्या हवेला मागच्या कडेपाशी वेळेत गाठायचं, म्हणून वरची हवा पळते. पळणाऱ्या हवेचा दाब कमी, म्हणून पंख वर ओढला जातो.

काही बांधायच्या आधी हे उत्तर आकड्यांत तपासायचं ठरवलं. उदाहरण घेतलं सेसना १७२ या छोट्या विमानाचं, कारण त्याच्या पंखाच्या छेदाचा आकार जाहीर आहे: नाका या अमेरिकन संस्थेच्या यादीतला २४१२ क्रमांकाचा. पहिला आकडा सांगतो की छेदाची मधली रेषा रुंदीच्या २ टक्के उचललेली आहे, दुसरा सांगतो की ही उचल पुढून ४० टक्क्यांवर सर्वांत जास्त आहे, आणि शेवटचे दोन सांगतात की जाडी १२ टक्के आहे. तो आकार मोठ्या कागदावर काढून भाचीने वरून आणि खालून दोरा लावून मोजला. वरचा रस्ता खालच्यापेक्षा जेमतेम दीड टक्का लांब निघाला.

म्हणजे दोन्हीकडची हवा एकाच वेळी पोचते असं धरलं, तर वरची हवा फक्त दीड टक्का जास्त वेगाने जायला हवी. ताशी २०० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५५ मीटर वेग आणि पुण्याच्या उंचीवरची हवेची घनता साधारण १.१ किलो प्रति घनमीटर घेतली, तर दोन्ही बाजूंच्या दाबात फरक येतो सुमारे ५० पास्कल. पंखाचं क्षेत्रफळ १६ चौरस मीटर. गुणाकार केला की ८०० न्यूटन, म्हणजे ८० किलोच्या आसपास. एवढ्यात फक्त पायलट उचलला जाईल. भरलेलं विमान असतं ११०० किलोचं.

भाचीने विचारलं, "मग मामा, बाकीचे हजार किलो कोण उचलतं?" प्रकल्पाचं शीर्षक आता हेच आहे.

१६ नोव्हेंबर

टनेल उभा राहिला. प्लायवूडचा चौकोनी बोगदा, आतून ३० बाय ३० सेंटिमीटर, एका बाजूला ॲक्रिलिकची खिडकी. पंखा मागे बसवला आहे, म्हणजे तो हवा ढकलत नाही, ओढतो. ढकललेली हवा गरगरत येते. पुढच्या तोंडाशी कोल्ड्रिंकच्या स्ट्रॉ एकावर एक रचून जाळी केली, त्यामुळे हवा सरळ होऊन आत शिरते. बाकीचं सामान बोहरी आळीत एका फेरीत मिळालं.

पंखाचा तुकडा १५ सेंटिमीटर रुंद, आणि लांबी भिंतीपासून भिंतीपर्यंत. मुद्दाम तसा ठेवला, म्हणजे टोकांवरून हवा खालून वर निसटत नाही आणि फक्त छेदाच्या आकाराचा परिणाम दिसतो. थर्मोकोल गरम तारेने कापून वर पातळ आयव्हरी पेपर चिकटवला. मधल्या रेषेवर वर-खाली भोकं पाडून त्यांत इंजेक्शनच्या सुईच्या नळ्या बसवल्या, त्यांची तोंडं पृष्ठाशी अगदी समतल घासली. तोंड केसभर वर राहिलं तरी दाब चुकीचा येतो. बोट फिरवल्यावर भोक लागता कामा नये, ही त्याची परीक्षा. प्रत्येक सुईपासून सलाईनची नळी मॅनोमीटरपर्यंत जाते.

मॅनोमीटर म्हणजे शाई घातलेलं पाणी भरलेल्या काचेच्या नळ्यांची रांग. फळी तिरकी ठेवली आहे, पाच सेंटिमीटर पुढे गेल्यावर एक सेंटिमीटर चढ. त्यामुळे पाणी उभ्यात एक मिलिमीटर चढलं तर नळीत पाच मिलिमीटर सरकतं आणि ते डोळ्यांनी वाचता येतं.

२३ नोव्हेंबर

वेग सेकंदाला १५ मीटर ठेवला. या वेगाची हवा पूर्ण थांबवली तर तिचा दाब सुमारे १२४ पास्कलने वाढतो, आमच्या तिरक्या नळीत ६३ मिलिमीटर. हा आकडा फळीवर लाल रेघेने लिहून ठेवला. यापुढचं प्रत्येक माप त्याच्या पटीत वाचायचं.

पंख वाऱ्याशी ४ अंशांवर. पंखा सुरू केला आणि वरच्या बाजूच्या नळ्यांमधलं निळं पाणी चढायला लागलं. पुढून ५ टक्क्यांवरच्या भोकाची नळी सगळ्यांत वर गेली, ७५ मिलिमीटर. शेजारची त्याखाली, मग त्याहून खाली, अशी उतरंड. खालच्या बाजूच्या नळ्यांमधलं पाणी मात्र थोडंसंच दबलं. आधी जे कागदावर होतं ते असं रांगेत उभं राहिलेलं पाहिलं की पंख वर ओढला जातो म्हणजे काय, हे सांगावं लागत नाही.

एक गोष्ट मात्र खटकली. वरच्या बाजूच्या ४५, ५५ आणि ६५ टक्क्यांवरच्या तिन्ही नळ्या एकाच उंचीवर होत्या, आणि त्यांच्या मागची एकदम खाली. दाब मागे जाताना सावकाश सावरायला हवा, असा पायरीसारखा नव्हे. नळी तुंबली असती तर एकच बिघडली असती. तिन्ही सारख्या आहेत म्हणजे तिथे हवाच पृष्ठापासून सुटून पुढे परत चिकटते आहे.

याचं कारण आकारमानात आहे. सेसनाचा पंख दीड मीटर रुंद आणि वेग आमच्या जवळजवळ चौपट. त्याच्या पृष्ठालगतचा हवेचा थर पुढेच खवळतो, आणि खवळलेला थर वरच्या वेगवान हवेतून ऊर्जा ओढत राहतो, म्हणून तो चिकटून राहतो. आमच्या लहान, संथ पंखावर तो थर गुळगुळीत राहतो. गुळगुळीत थर कमकुवत असतो. मागे दाब वाढू लागला की तो लगेच सुटतो.

२४ नोव्हेंबर

मॉडेल विमानं उडवणारे करतात तोच उपाय केला. पुढून १० टक्क्यांवर, पंखाच्या पूर्ण लांबीत, नागमोडी कापलेल्या टेपची अरुंद पट्टी लावली. हवेचा थर तिथे मुद्दाम खवळवला. पायरी गेली. आता नळ्यांची रांग पुढून मागे सलग उतरते.

मापं, लाल रेघेच्या पटीत: वरच्या बाजूला ५ टक्क्यांवर दाब १.२ पट कमी, १५ टक्क्यांवर १ पट, ३० वर ०.८, निम्म्यावर ०.५, ७० टक्क्यांवर पाव, आणि मागच्या कडेजवळ जवळपास शून्य. खालच्या बाजूला पुढच्या टोकाशी ०.४ पट जास्त, आणि तिथून पुढे नाममात्र.

प्रत्येक भोकाच्या वाट्याला येणाऱ्या रुंदीने गुणून बेरीज केली. वरची बाजू ०.५३, खालची ०.०८, एकूण ०.६१. लिफ्टचा सहा भागांपैकी पाचाहून अधिक वाटा वरून ओढला जाण्याचा आहे, खालून ढकलला जाण्याचा फार थोडा. त्या दोऱ्याच्या हिशोबाने याच पंखाचं उत्तर यायला हवं होतं ०.०३. वीसपट फरक आहे.

पंखाची सळई भिंतींतून बाहेर काढून ज्या चौकटीवर टेकवली आहे, ती चौकट इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यावर ठेवली आहे. वारा सुरू झाला की काटा जितका हलका होईल तितकी लिफ्ट. तिथे ३३० ग्रॅम आले. दाबाच्या बेरजेतून ३४५ निघतात. दोन वेगळ्या रस्त्यांनी एवढं जुळलं म्हणजे भोकांची मापं विश्वासाची आहेत.

१ डिसेंबर

हवा एकाच वेळी पोचते का, हे थेट बघायचं होतं. केंब्रिजचे होल्गर बाबिन्स्की यांनी २००३ मध्ये धुराचे ठोके सोडून हे दाखवलं होतं. आम्ही तेच लहान प्रमाणात केलं. अगरबत्त्यांचा धूर डब्यात साठवून बारीक नळ्यांच्या उभ्या रांगेतून पंखासमोर सोडला आणि डब्याला जोडलेला रबरी फुगा दाबून त्याचे तुकडे पाडले. वेग अगदी कमी ठेवला, सेकंदाला दोन मीटरच्या आसपास, नाहीतर धूर विरून जातो. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रण केलं.

धुराची उभी भिंत पंखाच्या नाकावर आपटते आणि दोन भागांत फाटते. वरचा भाग पंखाच्या मागच्या कडेला पोचतो तेव्हा खालचा अजून पाऊण रस्त्यावर असतो. दोघे मागे परत भेटतच नाहीत. वरचा पुढे निघून जातो आणि ती फाट तशीच राहून पंखामागे वाहत जाते. भाचीने ती फ्रेम थांबवून दोन्ही टोकांना बाण काढले. वही मिटली तरी चालेल इतकं स्पष्ट चित्र आहे.

वरची हवा वेगाने जाते हे खरं, आणि ती त्या जुन्या उत्तराने सांगितलं त्यापेक्षा कितीतरी जास्त वेगाने जाते. फक्त कारण वेगळं आहे. कोणाला गाठण्याची सक्ती हवेवर नाही.

७ डिसेंबर

आज मुख्य प्रश्न: पंखाच्या पाठीवर दाब कमी का होतो?

गोफण फिरवताना दगड गोल फिरतो कारण दोरी त्याला आत ओढते. हवेला अशी दोरी नसते. हवेचा एखादा घास वाकड्या वाटेने जात असेल, तर त्याला वळवू शकते ती फक्त शेजारची हवा, आणि शेजारची हवा फक्त ढकलू शकते. म्हणजे वळणाच्या बाहेरच्या अंगाला दाब जास्त आणि आतल्या अंगाला कमी असलाच पाहिजे, नाहीतर वळण होणार नाही. आता पंखाच्या पाठीवरून जाणारी हवा बघा. तिचं वळण पंखाकडे आहे. वर दूरवर दाब वातावरणाचा. तिथून खाली येताना प्रत्येक थरागणिक दाब थोडा थोडा घटत जातो, आणि पंखाच्या पृष्ठाशी तो सगळ्यांत कमी होतो. कमी दाबाच्या जागी शिरताना मागच्या जास्त दाबाने हवा ढकलली जाते, म्हणून ती वेग घेते. आधी वळण, वळणामुळे दाब, दाबामुळे वेग.

हे मोजता येतं का? ३० टक्क्यांवर आमच्या पंखाच्या पाठीची वक्रता साधारण २१ सेंटिमीटर त्रिज्येची आहे. तिथे दाब ०.८ पट कमी, म्हणजे हवेचा स्थानिक वेग सेकंदाला २० मीटर. घनता गुणिले वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या:

```
1.1 × 20² / 0.21 ≈ 2100 Pa/m
```

म्हणजे पृष्ठापासून एक सेंटिमीटर वर गेल्यावर दाब सुमारे २१ पास्कलने सावरायला हवा, आमच्या नळीत दहा-अकरा मिलिमीटर.

बंद टोकाच्या आणि बाजूला बारीक भोकं पाडलेल्या पातळ नळीने आम्ही तेच मोजलं. पृष्ठावर ५० मिलिमीटर. नळी एक सेंटिमीटर वर उचलली, पाणी ४० वर आलं. आणखी वर नेली तसं ते खाली येत राहिलं, दर सेंटिमीटरला आधीपेक्षा थोडं कमी, कारण वर वर वाट सरळ होत जाते. भाचीने हिशोब आधी कागदावर करून ठेवला होता, म्हणून पाणी ४० जवळ थांबलं तेव्हा ती काही क्षण नळीकडेच बघत राहिली.

पंखामागे तारेला बांधलेला लोकरीचा धागाही आज पाहिला. पंख काढला की तो आडवा, पंख लावला की खाली झुकलेला. वळवलेली हवा खाली जाते आणि त्याची प्रतिक्रिया पंखावर वर. काही जण याला न्यूटनचं उत्तर म्हणतात आणि दाबाच्या उत्तराशी त्याची कुस्ती लावतात. माझ्या मते ती भांडणं निरर्थक आहेत. हवेला खाली वळवणारं बल आणि पंखाला वर ओढणारं बल एकच आहे. एकदा हवेच्या बाजूने मोजायचं, एकदा पंखाच्या.

८ डिसेंबर

मग गोल पाठ लागतेच कशाला? वळण तर तिरक्या फळीनेही देता येईल. म्हणून आज दोन गोष्टी बसवल्या.

पहिली: तोच पंख उलटा, फुगीर बाजू खाली. ४ अंशांवर लिफ्ट जेमतेम. ८ अंशांवर काटा ३०० ग्रॅमच्या पुढे हलका झाला. उलटा पंख तितकाच उचलतो, फक्त नाक जास्त वर करावं लागतं. कसरतीची विमानं पाठीवर उडतात ती अशीच. फुगीर बाजू वर हवी हा नियम असता तर ती जमिनीकडे ओढली गेली असती.

दुसरी: ३ मिलिमीटर प्लायची सपाट पट्टी, पंखाइतकीच रुंद. ४ अंशांवर २२० ग्रॅम. म्हणजे सपाट फळीही व्यवस्थित उचलते. पण ८ अंशांवर ३५० ग्रॅम आणि १२ अंशांवरही तेवढेच. कोन वाढवला तरी लिफ्ट वाढेना. आमच्या पंखाने त्याच कोनांवर ५३० आणि ६४० दिले. पट्टीचा वाऱ्याला होणारा प्रतिरोधही जास्त होता, तो चौकट मागे ढकलली जाते त्यावरून हाताला कळत होता.

१५ डिसेंबर

पट्टी आणि पंख, दोन्हींच्या पाठीवर शिवणाच्या दोऱ्याचे बोटभर तुकडे रांगेत चिकटवले. हवा चिकटून असेल तिथे दोरे मागे ताठ पडतात. सुटली असेल तिथे ते फडफडतात किंवा चक्क उलटे, पुढे तोंड करून पडतात.

पट्टीवर ४ अंशांनाच पुढच्या कडेलगतचे दोरे फडफडत होते. ८ अंशांवर जवळपास सगळी रांग अस्वस्थ. कारण वाऱ्याशी कोन दिला की हवा जिथे दोन भागांत फाटते ती जागा अगदी पुढच्या टोकावर राहत नाही, ती थोडी खालच्या बाजूला सरकते. वर जाणाऱ्या हवेला तिथून कडेला वळसा घालून यावं लागतं. कड धारदार असेल तर तो वळसा जवळजवळ शून्य त्रिज्येचा. ७ डिसेंबरच्या सूत्रात त्रिज्या भागाकारात आहे. ती शून्याकडे गेली की लागणारा दाबाचा फरक प्रचंड होतो, आणि तेवढा फरक हवा टिकवू शकत नाही. ती कडेवरच सुटते.

पंखावर चित्र वेगळं. गोल नाकाने तो वळसा मोठ्या त्रिज्येवर पसरवला आहे, आणि पुढे पाठीची कमान उरलेलं वळण रुंदीभर थोडं थोडं देते. १२ अंशांपर्यंत पुढचे आणि मधले दोरे ताठ. फक्त मागच्या कडेजवळचे अधूनमधून थरथरत होते. १४ अंशांच्या आसपास त्या मागच्या रांगेतला एक दोरा उलटा फिरला. मग त्याच्या शेजारचा. कोन आणखी किंचित वाढवला तशी ही उलटलेल्या दोऱ्यांची हद्द मागून पुढे सरकत आली, आणि त्याच वेळी काट्याचं वजन परत वाढायला लागलं. हाच स्टॉल.

तो मागून का सुरू होतो हेही नळ्यांत दिसतं. पाठीच्या पुढच्या भागात हवा कमी दाबाकडे जाते, उताराला लागल्यासारखी. सर्वांत कमी दाबाच्या जागेपासून मागे मात्र तिला वाढत्या दाबाविरुद्ध चढायचं असतं, आणि पृष्ठालगतचा मंद थर तिथे दमतो. म्हणून पाठीचा मागचा उतार लांब आणि सौम्य ठेवतात. नाक बोथट आणि शेपूट निमुळती, हा आकार या दोन गरजांतून आला आहे. पाठ गोल असण्याचं काम लिफ्ट निर्माण करणं इतकंच नाही. हवा न सुटू देता तिला जास्तीत जास्त वळवणं हे आहे.

२१ डिसेंबर

हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरला जाणारा मित्र आज वर्कशॉपवर आला होता. त्याने दोऱ्यांचे प्रयोग बघितले आणि सांगितलं की ग्लायडरच्या काचेवरही लोकरीचा असाच एक धागा चिकटवलेला असतो. विमान हवेत आडवं घसरतंय का ते पायलट त्यावरून बघतो. त्याने एक चांगला प्रश्नही विचारला: प्रवासी जेट विमानांच्या पंखांची पाठ पुढे इतकी सपाट का दिसते?

तिथे अडचण आवाजाच्या वेगाची आहे. जेट आवाजाच्या वेगाच्या पाऊण ते ८५ टक्के इतक्या वेगाने जातं. पाठ जास्त गोल असेल तर वरची हवा वेग घेता घेता आवाजाचा वेग ओलांडते, आणि परत मंद होताना दाब एकदम वाढवणारी धक्कालहर तयार होऊन तिच्यापाशी हवा सुटते. नासाचे रिचर्ड व्हिटकॉम्ब यांनी १९६० च्या दशकात यावर जो आकार दिला, त्यात पाठ सपाट करून वेग फार वाढू दिलेला नाही, आणि गमावलेली लिफ्ट मागच्या भागात खालून दिलेल्या खोल बाकातून भरून काढली आहे. वळवण्याचं काम तेच, फक्त वेगळ्या जागी.

प्रदर्शनाच्या तक्त्यावर एक मर्यादा लिहायची आहे. आमचं छत पंखापासून फक्त १५ सेंटिमीटरवर आहे, त्यामुळे वरच्या हवेला मोकळं आभाळ मिळत नाही आणि आमची लिफ्ट खुल्या हवेपेक्षा काही टक्के जास्त येते. आकडे तसेच ठेवून शेजारी हे वाक्य लिहायचं असं ठरलं. भाचीने दोऱ्याच्या हिशोबाचे ०.०३ आणि नळ्यांचे ०.६१ हे दोन आकडे एकाच मापाचे स्तंभ म्हणून काढले आहेत. पहिला स्तंभ जाड पेनाने काढला तर रेघेतच बुडतो, म्हणून तो बारीक पेनाने पुन्हा काढायचा आहे.